व्यावसायिक जागांतील सुगंधयोजना

दुकान, दवाखाना, उपाहारगृह, हॉटेलची लॉबी अशा ठिकाणच्या हवेत ठरवून आणि मोजून मंद सुगंध सोडण्याची पद्धत. एकाच व्यवसायाच्या सगळ्या शाखांत एकच वास ठेवला, तर त्याला त्या व्यवसायाचा ‘सिग्नेचर सेंट’ म्हणतात. सकाळी गल्ल्यापाशी उदबत्ती लावणे किंवा लग्नमंडपाच्या दारात गुलाबपाणी शिंपडणे आपल्याकडे जुनेच आहे. तो सुगंध थोड्या वेळासाठी असतो आणि आपोआप ओसरतो. यंत्राने सोडलेला सुगंध मात्र दिवसभर चालू राहतो, म्हणून त्याचे प्रमाण ठरवणे हेच या कामातले खरे कौशल्य आहे.

साधने

मध्यम आकाराच्या दुकानात सहसा कोल्ड-एअर डिफ्यूझर वापरतात. त्यातला छोटा कॉम्प्रेसर दाबाने हवा नोझलमधून सोडतो. त्या झोताबरोबर बाटलीतले सुगंधी तेल वर ओढले जाते आणि त्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत मिसळतात. तेल तापवले जात नाही, त्यामुळे वास बिघडत नाही. मोठ्या जागेत हेच यंत्र सेंट्रल एसीच्या डक्टला जोडतात. छोट्या खोलीत पंख्यासमोर सुगंधी जेलची कांडी ठेवली किंवा बाटलीत वेताच्या काड्या उभ्या केल्या तरी काम भागते, पण काड्यांतून येणाऱ्या वासाचे प्रमाण यंत्रासारखे नेमके कमी-जास्त करता येत नाही.

यंत्रात कोणतेही तेल घालून चालत नाही. वाळ्याचे शुद्ध तेल किंवा चंदनावर उतरवलेले अस्सल अत्तर इतके दाट असते की नोझल तुंबते. यंत्राचा आवाज येत राहतो, पण बाटलीतली पातळी उतरत नाही, यावरून ते ओळखावे. म्हणून पुरवठादाराकडून डिफ्यूझरसाठी बनवलेले पातळ मिश्रणच घ्यावे. त्यासोबत सुरक्षा माहितीपत्रक आणि आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या, म्हणजे ‘इफ्रा’च्या मानकांनुसार दिलेले प्रमाणपत्र मागावे. लिंबूवर्गीय तेले आणि लव्हेंडर यांचा हवेशी फार काळ संबंध आला की त्यांतल्या लिमोनीन व लिनालूल या घटकांपासून त्वचेला ॲलर्जी करणारी द्रव्ये तयार होतात. अर्धी उरलेली जुनी बाटली पुढच्या वर्षी वापरणे म्हणूनच चुकीचे.

वासाची निवड

निवड सुरू होते ती जागेत आधीपासून असलेल्या वासांपासून. साडीच्या दुकानात नव्या कापडाच्या खळीचा, डांबरगोळ्यांचा आणि कधी ओल धरलेल्या माळ्याचा वास असतो. दवाखान्यात स्पिरिट आणि फिनेल, उपाहारगृहात फोडणी आणि तळणीचे तेल. डांबरगोळ्यांवर मोगरा सोडला, तर तिसराच, जड आणि गोडसर वास तयार होतो. आधी मूळ वासाचे कारण दूर करावे. ते जमत नसेल, तर सुगंधाचा नाद सोडून दिलेला बरा.

नंतर तीन-चार नमुने मागवतात. ते कागदी पट्टीवर हुंगून ठरवणे फसवे असते. पट्टीवरून हलके घटक आधी उडतात आणि जड घटक मागे राहतात, त्यामुळे वास टप्प्याटप्प्याने कळतो. यंत्र मात्र सगळे घटक एकदम हवेत सोडते. म्हणून नमुना प्रत्यक्ष जागेत, एका वेळी एकच, निदान आठवडाभर चालवून पाहावा लागतो.

वास साधा असावा, याला आधार आहे. स्वित्झर्लंडमधल्या एका गृहसजावटीच्या दुकानात झालेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या क्षेत्रात नेहमी सांगितला जातो. तिथे नुसत्या संत्र्याच्या वासात ग्राहकांनी जास्त खर्च केला. संत्रे, तुळशीच्या जातीची बेसिल आणि ग्रीन टी यांच्या मिश्रणाचा तसा परिणाम दिसला नाही. ओळखू येणारा साधा वास मेंदूला चटकन उलगडतो, असे त्याचे स्पष्टीकरण संशोधकांनी दिले. एका दुकानातल्या निष्कर्षावरून विक्रीचा अंदाज बांधू नये. पण सात-आठ घटकांचे महागडे ‘खास’ मिश्रण घेण्याआधी वाळा, संत्रे किंवा गवती चहा यांसारखा एकच ठळक सूर करून पाहावा, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

प्रमाण

सर्वाधिक चुका इथे होतात, आणि त्या बहुधा एकाच कारणाने होतात: हवा किती बदलते, याचा विचार केलेला नसतो. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो, तो बाहेरची ताजी हवा आणत नाही. त्यामुळे काचेचे दार बंद असलेल्या दुकानात सुगंध साठत जातो.

पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावर असू शकेल अशा एका साडीच्या दुकानाचा हिशोब पाहू. लांबी ४० फूट, रुंदी २० फूट, उंची ११ फूट, म्हणजे आतली हवा सुमारे २५० घनमीटर. यंत्र अखंड चालले तर ताशी २ मिलिलिटर तेल उडवते असे धरू. ते १५ सेकंद चालू आणि १३५ सेकंद बंद असे लावले, तर वेळेच्या दहाव्या हिश्श्यातच चालते आणि ताशी ०.२ मिलिलिटर, म्हणजे अंदाजे १८० मिलिग्रॅम तेल हवेत जाते. दार बंद असताना फटींतून आणि ये-जा करताना तासाला दुकानातली निम्मी हवा बदलते असे मानले, तर हवेतले प्रमाण वाढत वाढत घनमीटरला सुमारे १.४ मिलिग्रॅमवर स्थिरावते. हेच दार सताड उघडे असेल आणि तासाला दोनदा हवा बदलत असेल, तर तेच यंत्र त्याच सेटिंगवर जेमतेम ०.३६ मिलिग्रॅम देते. फरक चौपट आहे. एका शाखेतले सेटिंग दुसऱ्या शाखेत उतरवून का चालत नाही, ते यातून कळते.

स्थिरावायला लागणारा वेळ त्याहून महत्त्वाचा. हवा साधारण तीन वेळा बदलेपर्यंत प्रमाण चढत राहते. वरच्या बंद दुकानात त्याला सहा तास लागतात. साडेदहाला दुकान उघडून अकराला मालकाने वास घेतला, ‘छान, मंद आहे’ म्हणून सेटिंग पक्के केले, तर साडेचारला, नेमक्या संध्याकाळच्या गर्दीच्या तोंडावर, वास कितीतरी पटींनी उग्र झालेला असतो. म्हणून तपासणी दुपारी चारनंतर करावी.

यावर उपाय सोपा आहे. उघडल्यावर पहिला दीड तास १५ सेकंद चालू, १३५ सेकंद बंद असे ठेवावे. तेवढ्यात हवेतले प्रमाण ०.७ मिलिग्रॅमच्या आसपास पोचते. मग बंद राहण्याचा वेळ ३०० सेकंद करावा. तेलाचा वेग निम्मा होतो आणि प्रमाण दिवसभर जवळपास तिथेच टिकते. दुकान बंद करण्याआधी दीड तास यंत्र थांबवावे. तोपर्यंत वास निम्म्यावर येतो, ग्राहकाला फरक जाणवत नाही आणि रात्रभर कापडात मुरायला कमी तेल उरते. काही तेल भिंतींवर आणि कापडावर बसते, त्यामुळे हे आकडे सुरुवात करण्यापुरतेच घ्यावेत. दिवाळीत आणि लग्नसराईत दार सारखे उघडत असल्याने वास पातळ होतो, तेव्हा तेवढ्या दिवसांपुरता बंद वेळ कमी करायला हरकत नाही.

यंत्र ठेवायची जागाही पाहावी लागते. नोझल घड्यांकडे वळलेले असेल, तर रेशमावर तेलाचे बारीक डाग पडतात, आणि ते पैठणीवरून निघणे कठीण. यंत्र उंचावर, एसीच्या झोताच्या वाटेत पण मालापासून आणि गल्ल्यापासून दूर असावे. सकाळची उदबत्ती लावायचीच असेल, तर यंत्र त्यानंतर अर्ध्या तासाने सुरू करावे. दोन्ही वास एकत्र आले की धूरच वरचढ ठरतो.

नाकाची सवय

सतत एकच वास येत राहिला, की काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणे सोडते. त्यामुळे आतला माणूस प्रमाण ठरवायला सर्वांत अयोग्य. नेहमी घडते ते असे: ‘वास येतच नाही’ म्हणून विक्रेता सेटिंग वाढवतो, आठवड्याने पुन्हा वाढवतो, आणि शेवटी ग्राहक दारातून शिंकत आत येतात. यंत्राला कुलूप किंवा पिनकोड ठेवावा आणि बाटलीचे वजन दर सोमवारी वहीत लिहावे. वरच्या हिशोबात पहिला दीड तास ०.२ आणि नंतर त्याच्या निम्म्या वेगाने, अशा रीतीने दहा तासांच्या दिवसाला साधारण १ मिलिलिटर तेल संपते. आठवड्यात घट दुप्पट दिसली, तर कुणीतरी सेटिंगला हात लावला आहे.

खरी चाचणी बाहेरून आलेल्या माणसाची. पाच-सहा ओळखीच्यांना कारण न सांगता बोलवावे आणि दहा मिनिटांनी विचारावे, ‘दुकानात काही वेगळं जाणवलं का?’ वासाचे नाव काढू नये. आत शिरताना जाणवला आणि मग विसरला, असे उत्तर आले तर प्रमाण योग्य. एखाद्याने जरी डोके जड झाल्याचे सांगितले किंवा घरी गेल्यावर साडीला वास येत होता म्हणाला, तर ते निम्मे करावे.

दवाखाने

इथे पहिला निर्णय सुगंध मुळीच न ठेवण्याचा असावा. दमा आणि अर्धशिशीच्या रुग्णांना सुगंधाने त्रास होऊ शकतो. गरोदरपणात आणि केमोथेरपी चालू असताना चांगला वासही मळमळ आणतो. या माणसांना दुकानासारखे दुसरीकडे निघून जाता येत नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, सीडीसीने, २००९ मध्ये आपल्या इमारतींत सुगंधी उत्पादनांवर बंदी घालणारे धोरण स्वीकारले. हवा शुद्ध करण्यासाठी ओझोन सोडणारे यंत्र असेल, तर लिंबूवर्गीय सुगंध वर्ज्यच. ओझोन आणि लिमोनीन यांच्या अभिक्रियेतून फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात.

दंतवैद्यांकडे लवंगेच्या युजेनॉलचा वास अनेकांना खुर्चीची भीती आठवून देतो, म्हणून प्रतीक्षाकक्षात संत्र्याचा वास ठेवण्याची कल्पना पुढे आली. व्हिएन्नातल्या २००० सालच्या एका अभ्यासात स्त्री-रुग्णांची चिंता त्याने कमी झाल्याचे दिसले. पण २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या अभ्यासात संत्रे आणि सफरचंद दोन्हींचा परिणाम आढळला नाही. एवढ्या डळमळीत फायद्यासाठी दम्याच्या रुग्णाला धोक्यात घालणे पटणारे नाही. युजेनॉलचा वास काढायला उपचारखोलीत एक्झॉस्ट पंखा बसवावा.

उपाहारगृहे

चवीचा मोठा भाग घास चावताना घशामागून नाकात जाणाऱ्या वासातून येतो. त्यामुळे टेबलापाशी सोडलेला कोणताही सुगंध पदार्थाच्या चवीत मिसळतो. सोलकढीच्या वाटीवर व्हॅनिला नको. सुगंध ठेवायचाच असेल तर प्रवेशाच्या पॅसेजमध्ये आणि स्वच्छतागृहात ठेवावा, आणि तिकडची हवा जेवणाच्या दालनात येत नाही याची खात्री करावी. त्यासाठी दाराच्या फटीपाशी उदबत्ती धरून धूर कुठल्या बाजूला ओढला जातो ते पाहावे. स्वयंपाकघराची चिमणी जोरात चालू असेल, तर ती दालनातून आणि पर्यायाने पॅसेजमधूनही हवा खेचते. मग पॅसेजमधला सुगंध थेट जेवणाऱ्यांच्या डोक्यावरून जातो. असे होत असेल, तर सुगंध बंद ठेवून चिमणीला बाहेरच्या हवेची वेगळी वाट करून द्यावी लागते.