औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे व्यवसाय प्रमाणपत्र : परदेशातील मान्यता

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील (आयटीआय) अभ्यासक्रम पूर्ण करून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवारास राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. हे प्रमाणपत्र भारताबाहेर कोण, कशासाठी आणि कोणत्या कसोटीवर ग्राह्य धरतो, एवढाच या नोंदीचा विषय आहे. उदाहरणे मुख्यत्वे सांगली व सातारा जिल्ह्यांतील जोडारी आणि संधाता या दोन व्यवसायांची घेतली आहेत. (शासकीय मराठीत ही नावे रूढ असली, तरी कारखान्यात आणि घरीही फिटर आणि वेल्डर हेच शब्द चालतात, पुढे तेच वापरले आहेत.)

उगम. या प्रमाणपत्राचा आरंभ कोणत्या वर्षापासून मोजावा, याविषयी एकवाक्यता नाही. युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी १९४५ मध्ये केंद्रीय संचालनालय स्थापन झाले आणि त्याच्या देखरेखीखाली १९५० मध्ये शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. काही लेखनात १९५० हेच आरंभवर्ष दिले जाते. इतरत्र १९५६ मध्ये राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद अस्तित्वात आली, तेव्हापासूनची परंपरा धरली जाते. प्रशिक्षणाचा इतिहास लिहायचा असल्यास पहिले वर्ष योग्य होय. परंतु सर्व देशात एकाच मापाने परीक्षा घेऊन दिलेले प्रमाणपत्र हा अर्थ अभिप्रेत असेल, तर १९५६ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमामुळे याच्या जोडीला राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र आले. ही दोन प्रमाणपत्रे वेगवेगळी आहेत. पहिले संस्थेतील शिक्षणाचे आहे आणि दुसरे कारखान्यातील शिकाऊ काळाचे. अर्ज करणारे पुष्कळजण दुसरे जोडतच नाहीत, कारण त्यांच्या लेखी ‘आयटीआय झाले’ एवढ्यात सर्व काही येते.

२०१५ मध्ये प्रशिक्षणाचे काम केंद्रीय श्रम मंत्रालयाकडून कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेले, तर २०१८ मध्ये नव्या नियामक परिषदेची अधिसूचना निघाली. याचा परिणाम असा की, २०१४ मध्ये प्रवेश घेऊन २०१६ मध्ये उत्तीर्ण झालेल्या एकाच उमेदवाराच्या कागदांवर दोन मंत्रालयांची नावे आढळू शकतात. परदेशी तपासनीस यावर प्रश्न विचारतो तेव्हा त्यामागे संशय असतोच असे नाही; पुष्कळदा प्रमाणपत्र देणारी संस्था कोणती, एवढेच त्याला नोंदवून घ्यायचे असते.

मान्यता या शब्दाचे दोन अर्थ. आखाती देशांतील मालक आणि जर्मनीतील सक्षम कार्यालय या दोघांच्या संदर्भात ‘मान्यता’ हा एकच शब्द वापरला जातो. त्यातून उमेदवारांचा मोठा गोंधळ होतो, कारण पहिला उमेदवाराचा हात पाहतो आणि दुसरे त्याचा अभ्यासक्रम वाचते.

आखाती भरतीत प्रमाणपत्राचे काम चाळणीचे असते. नोंदणीकृत भरती अभिकर्त्याकडे ते दाखवल्यावर मुलाखतीची आणि कामाच्या चाचणीची दारे उघडतात. निवड मात्र चाचणीवर ठरते. पाइप वेल्डरची नेहमीची चाचणी ‘सिक्स-जी’ नावाची आहे. नळीचे दोन तुकडे ४५ अंशांत तिरके व पक्के बांधलेले असतात, ते फिरवता येत नाहीत, त्यामुळे वेल्डरलाच जोडाभोवती फिरून खालून, बाजूने आणि वरून काम करावे लागते. पहिला थर बहुधा टिगने देतात आणि वरचे थर इलेक्ट्रोडने भरतात. मग जोडाचा एक्स-रे काढतात किंवा त्याच्या पट्ट्या कापून वाकवून पाहतात. आत मुळाशी धातू नीट वितळून जुळला नसेल, तर बाहेरून कितीही देखणा दिसणारा जोड नापास होतो. आयटीआयमधील गुण येथे कोणी विचारत नाही. उलट, ही चाचणी पास झाल्याचा दाखलाही कायमचा नसतो: अमेरिकी बाष्पक संहितेनुसार त्या पद्धतीचे वेल्डिंग सहा महिने केले नाही, तर पात्रता संपते. सौदी अरेबियाने मात्र प्लंबर, वेल्डर, वीजतंत्री यांसारख्या काही व्यवसायांसाठी स्वतःची कौशल्य पडताळणी भारतातच घेण्यास सुरुवात केली आहे, म्हणजे तेथे मालकाच्या चाचणीबरोबर शासनाची चाचणीही आली.

प्रमाणपत्रावर करून घेण्याच्या साक्षांकनाविषयी येथेच खुलासा करणे योग्य. राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि दूतावास यांचे शिक्के, किंवा अपोस्टिल, हे कागदावरील सही व पद खरे असल्याचे सांगतात. प्रशिक्षण पुरेसे आहे की नाही, याविषयी ते काहीच सांगत नाहीत. भारत २००५ मध्ये अपोस्टिल करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत नोंदवली. त्यामुळे जर्मनीसाठी म्हणून अपोस्टिलचे पैसे घेणाऱ्या मध्यस्थाला, हा शिक्का नेमक्या कोणत्या कार्यालयाने मागितला आहे, असे विचारावे.

जर्मनीतील समकक्षता. जर्मनीत १ एप्रिल २०१२ पासून परदेशी व्यावसायिक पात्रता तपासून घेण्याचा हक्क कायद्याने मिळाला. उद्योगक्षेत्रातील बहुतेक व्यवसायांचे अर्ज न्यूरेंबर्ग येथील ‘आयएचके फोसा’ हे कार्यालय तपासते आणि हस्तव्यवसायांचे अर्ज स्थानिक हस्तव्यवसाय मंडळ. शुल्क साधारण १०० ते ६०० युरोंच्या दरम्यान असते आणि कागद पूर्ण झाल्यावर सामान्यतः तीन महिन्यांत निर्णय मिळतो. उमेदवार जर्मनीतील एक व्यवसाय ‘संदर्भ’ म्हणून निवडतो. तपासनीस त्या व्यवसायाचा अभ्यासक्रम आणि उमेदवाराचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून ठळक फरक शोधतो. फिटरसाठी हा संदर्भ सहसा ‘इंडस्ट्री-मेकॅनिकर’ असतो. त्याचे प्रशिक्षण साडेतीन वर्षांचे आणि आयटीआयचे दोन वर्षांचे. केवळ कालावधीवर निर्णय होत नसला, तरी एवढ्या अंतरात काही विषय राहून जाणारच, त्यामुळे नुसत्या प्रमाणपत्रावर पूर्ण समकक्षता मिळेल अशी अपेक्षा धरू नये. ही उणीव नोकरीच्या अनुभवाने भरून काढता येते, अशी कायद्यातच तरतूद आहे.

सांगली जिल्ह्यातील एका फिटरचे नमुनादाखल प्रकरण घेऊ. त्याने २०१४ ते २०१६ या काळात शासकीय आयटीआयमध्ये प्रशिक्षण घेतले, पलूस भागातील पंपांच्या कारखान्यात एक वर्ष शिकाऊ उमेदवारी केली आणि नंतर तो एका साखर कारखान्यात फिटर म्हणून लागला. त्याच्या वेळी सत्रपद्धती होती, म्हणून त्याला चार सत्रांच्या चार गुणपत्रिका जोडाव्या लागतात. अभ्यासक्रमही त्या तुकडीचाच हवा. संकेतस्थळावरून आजचा अभ्यासक्रम उतरवून जोडल्यास तास चुकतात: २०२२ च्या आराखड्यात वर्षाला १२०० तास आणि त्याखेरीज १५० तास प्रत्यक्ष कार्यस्थळी किंवा प्रकल्पात दिले आहेत, तर त्याआधीच्या वार्षिक आराखड्यात १६०० तास होते. आपल्या तुकडीचा अभ्यासक्रम मिळवण्याचा सोपा मार्ग म्हणजे जुन्या निदेशकांना गाठणे. संस्थेच्या शिक्क्यासह त्यांची प्रत मिळाली तर उत्तम.

या प्रकरणात अडचण येते ती अनुभवपत्रात. कारखान्याने दिलेले पहिले पत्र असे आहे: ‘सदर इसम आमचेकडे फिटर म्हणून कामास असून त्यांचे काम समाधानकारक आहे.’ तपासनिसाच्या दृष्टीने या वाक्यात काहीही नाही. त्याला फरकाच्या एकेका मुद्द्यासमोर लिहिण्यासारखे काम हवे असते. फिटरच्या अभ्यासक्रमात कानसकाम, जोडणी, लेथचे प्राथमिक काम, दुसऱ्या वर्षी हायड्रॉलिक्स व न्यूमॅटिक्स हे सर्व आहे. यंत्रांचे विद्युत नियंत्रण आणि त्यातील बिघाड शोधणे हा भाग मात्र जर्मन अभ्यासक्रमाच्या मानाने तोकडा आहे. म्हणून दुसऱ्या पत्रात असे लिहून घेतले जाते: मिलच्या बेअरिंगा बदलणे व त्यांतील अंतर मोजणे, रसपंपाची मोटारीशी सरळ जुळणी डायल गेजने करणे, मिलच्या हायड्रॉलिक दाबयंत्रणेची देखभाल, वाहकपट्ट्याच्या संवेदकांतील बिघाड वीज विभागासोबत शोधणे. यांपैकी जे काम त्याने खरोखर केले असेल तेवढेच लिहावे, कारण कागद अपुरे वाटल्यास तज्ज्ञांसमोर प्रत्यक्ष काम करून दाखवण्यास सांगितले जाऊ शकते.

साखर कारखान्यातील दुसरी गुंतागुंत या जिल्ह्यांची खास आहे. कामगार ‘हंगामी कायम’ असेल, तर हंगाम संपल्यावर त्याला घरी बसण्याचा भत्ता मिळतो. पत्रात सलग सहा वर्षे लिहिलेली असली, तरी प्रत्यक्ष कामाचे महिने त्याच्या निम्म्याच्या आसपास भरू शकतात. फिटरना मात्र ऑफ-सीझनमध्ये दुरुस्तीसाठी थांबवून घेण्याची पद्धत आहे. तेव्हा दरवर्षीच्या कामाच्या तारखा स्वतंत्रपणे नोंदवून घेणे हिताचे ठरते.

निर्णय तीन प्रकारचा असतो: पूर्ण समकक्ष, अंशतः समकक्ष किंवा नकार. अंशतः समकक्षता म्हणजे अपयश नव्हे. त्या पत्रात राहिलेले विषय नावानिशी लिहिलेले असतात आणि तेवढेच प्रशिक्षण जर्मनीत घेऊन पुन्हा अर्ज करता येतो. मार्च २०२४ पासून ‘मान्यता भागीदारी’ची वाटही आहे. तीत मालकाशी करार करून, जर्मन भाषेच्या ए-टू पातळीसह, आधी कामावर रुजू व्हायचे आणि मान्यतेची प्रक्रिया तेथे गेल्यावर पूर्ण करायची असते. समकक्षता न घेता केवळ अनुभवावर जाण्याचा तिसरा मार्ग गेल्या पाच वर्षांतील किमान दोन वर्षांचा अनुभव मागतो आणि त्यात पगाराची अटही आहे. २०२५ साठी ती सामान्यतः वर्षाला ४३,४७० युरो होती. फिटरला सुरुवातीला एवढा पगार देण्यास लहान कारखाने राजी होतीलच असे नाही, म्हणून कागदांचा त्रास सोसून समकक्षतेचा मार्ग धरणे प्रस्तुत नोंदलेखकास अधिक पक्के वाटते.

शेवटच्या दोन्ही मार्गांत प्रशिक्षण मायदेशात शासनमान्य आणि किमान दोन वर्षांचे असण्याची अट आहे. ती फिटर, वीजतंत्री, टर्नर, मशिनिस्ट हे पूर्ण करतात. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असल्याने तो येथे अडतो. म्हणजे आखातात ज्याच्या हाताला अधिक मागणी असते, त्याचाच कागद जर्मनीत आखूड पडतो. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला आहे, पण त्यामुळे ही वैयक्तिक तपासणी टळत नाही.

नावातील तफावत. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव अशी मांडणी असते आणि आयटीआयचे प्रमाणपत्र सहसा तिच्यावरूनच तयार होते. पारपत्रात आडनाव वेगळ्या रकान्यात जाते. वडिलांचे नाव तेथे कधी स्वतःच्या नावाला जोडले जाते, कधी गळते. तपासनीस अशा दोन नावांना दोन माणसे समजू शकतो. प्रमाणपत्रातील चूक संस्थेमार्फत दुरुस्त होते आणि तिला महिने लागतात, म्हणून अर्जाच्या आधी ती हाती घ्यावी.

इतर देश. ऑस्ट्रेलियात वीजतंत्र्याला व्यवसाय परवाना राज्यागणिक घ्यावा लागतो, तर कॅनडात व्यवसाय प्रमाणन प्रांताच्या अखत्यारीत आहे आणि तेथे कामाचे तास मोजले जातात. दोन्हीकडे आयटीआयचे प्रमाणपत्र पुराव्यांपैकी एक कागद म्हणून जोडले जाते.