हारात रंग वाढवावेत की छटा?

वरमालेची मागणी नोंदवायला गेलेली घरची मंडळी फुलवाल्याला बहुधा एकच वाक्य सांगतात: "हार भरगच्च दिसला पाहिजे, चार-पाच रंग घाला." या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. लाल, पिवळा, पांढरा, जांभळा असे निरनिराळे रंग एकत्र आणणे ही एक गोष्ट, आणि एकाच रंगाच्या फिक्यापासून गडदापर्यंतच्या छटा शेजारीशेजारी आणणे ही दुसरी. दोन्हींमध्ये फुले वेगवेगळीच दिसतात, त्यामुळे त्यांचा परिणामही सारखाच असेल असे वाटते; प्रत्यक्षात रंग वाढवल्याने हार उत्सवी दिसतो, तर त्याला भरदारपणा येतो तो मुख्यतः छटांमुळे.

याचे कारण डोळ्याच्या कामात आहे. एखाद्या वस्तूचा उठाव, तिच्यातील खोलगट भाग, एका पाकळीमागून डोकावणारी दुसरी पाकळी हे सारे आपण उजळ आणि गडद यांच्या फरकावरून ओळखतो; लाल आणि हिरवा यांसारख्या निव्वळ रंगाच्या फरकावरून बारीक आकार ओळखण्याची डोळ्याची क्षमता त्या मानाने कमी असते. मोबाइलमध्ये साठवलेले छायाचित्रही बहुतेक वेळा असेच असते, कारण त्यात उजेडाचा तपशील पूर्ण ठेवून रंगाचा तपशील अधिक ढोबळपणे साठवला जातो. त्यामुळे ज्या हारात रंग पाच आहेत पण सगळे जवळजवळ सारख्याच उजळपणाचे आहेत, तो हातात घेतल्यावर छान वाटतो आणि व्यासपीठापासून 20-25 फुटांवर बसलेल्या पाहुण्यांना सपाट पट्ट्यासारखा दिसतो.

हे स्वतः तपासायचे असेल तर निवडलेली फुले एका ओळीत मांडून मोबाइलवर त्यांचे छायाचित्र काढावे आणि ते कृष्णधवल करून पाहावे. लाल गुलाब आणि त्याची गडद हिरवी पाने, ज्यांना आपण एकमेकांच्या अगदी विरुद्ध समजतो, ती पुष्कळदा एकाच करड्या रंगात विरघळून जातात. पिवळी शेवंती आणि पांढरा निशिगंध यांचेही तेच होते. दोन्ही फिकट, म्हणून दोन्ही एकच. याउलट फिका गुलाबी, राणी आणि गडद लाल असे तीन गुलाब, ज्यांना घरातले कोणीतरी "सगळे एकाच रंगाचे" म्हणून नापसंत करण्याची शक्यता असते, ते कृष्णधवल छायाचित्रातही तीन स्पष्ट पायऱ्यांनी वेगळे दिसतात. ज्या निवडीत अशा तीन पायऱ्या दिसत नाहीत, त्या निवडीत आणखी एक रंग घालून काही साधत नाही.

शेजारच्या छटेचा प्रभाव हा याच विषयाचा दुसरा भाग आहे. पॅरिसच्या गोब्लाँ या प्रसिद्ध विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख असलेल्या मिशेल शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाकडे काळा धागा फिका वाटतो अशी तक्रार आली होती. तपासाअंती त्याच्या लक्षात आले की धाग्याचा रंग उत्तम आहे. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणल्यामुळे तो फिका भासतो. या विषयावरचे आपले विवेचन त्याने 1839 मध्ये प्रसिद्ध केले. त्याचा एक साधा निष्कर्ष फुलांना जसाच्या तसा लागू पडतो: उजळ आणि गडद शेजारीशेजारी आले की उजळ अधिक उजळ आणि गडद अधिक गडद भासतो. गडद लाल गुलाबाच्या कडेला फिक्या गुलाबी फुलांची एक ओळ आली की तोच गुलाब मखमली दिसू लागतो. त्याच गुलाबाच्या कडेला भडक केशरी झेंडू ओवला तर दोन्ही फुले एकमेकांशी चढाओढ करतात आणि नजर कुठेच ठरत नाही.

येथे एक अपवाद सांगायला हवा, कारण तो रोज आपल्या डोळ्यांसमोर असतो. दसऱ्याला दारावर लावलेले झेंडूचे तोरण एकाच रंगाचे असूनही भरगच्च दिसते. झेंडूचे फूल दाट पाकळ्यांचे आणि गोलसर असते; त्याच्या पाकळ्यांच्या घड्यांमध्ये आणि दोन फुलांच्या खाचेत सावली पडते, म्हणजे छटा फुलाने स्वतःच तयार केलेल्या असतात. गुलाब, दाट शेवंती आणि कार्नेशन यांचेही असेच आहे. जरबेऱ्याचे फूल मात्र थाळीसारखे उघडे आणि सपाट असल्यामुळे त्याला स्वतःची सावली जवळजवळ नसते, आणि एकाच रंगाच्या जरबेऱ्यांची मांडणी ताजी असूनही कागदी वाटू शकते. सपाट फुले निवडली असतील तर छटांचा फरक बाहेरून आणावा लागतो. घड्यांची फुले निवडली असतील तर दोन छटांवरही काम भागते.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. वधू मंगलाष्टकांच्या वेळी पिवळी अष्टपुत्री नेसणार आहे आणि वराचा पोशाख मोतिया रंगाचा आहे. घरच्यांची मागणी लाल गुलाब, पिवळा झेंडू, पांढरा निशिगंध आणि जांभळे अष्टर अशा चार रंगांच्या हाराची, एकाआड एक फूल ओवून. ही मागणी तशीच पूर्ण केली तर पिवळा झेंडू पिवळ्या साडीवर हरवेल, निशिगंध वराच्या मोतिया कापडावर हरवेल, आणि लाल व जांभळा दुरून एकाच गडद ठिपक्यात जमा होतील. चार रंगांचे पैसे मोजून पाहुण्यांना दिसेल तो जागोजागी तुटलेला एक गडद दोर.

त्याऐवजी एकाच लाल-गुलाबी घराण्यातील तीन छटा घ्याव्यात. छातीवर रुळणारी हाराची प्रत्येक बाजू सुमारे 36 इंच धरली आणि पाकळ्या एकमेकींवर येतील इतके घट्ट ओवले, तर साधारण एका इंचाला एक गुलाब लागतो. गळ्याकडचे पहिले 8 इंच फिका गुलाबी, मधले 18 इंच राणी आणि खालचे 10 इंच गडद लाल असा क्रम ठेवावा. दोन्ही बाजू मिळून हिशेब 16 फिके, 36 राणी आणि 20 गडद असा येतो. शिवाय खालच्या पदकासाठी आणि ओवताना तुटणाऱ्या फुलांसाठी थोडी जास्तीची फुले घ्यावीत. मानेमागून जाणाऱ्या भागात निशिगंधाचा नुसता बारीक सर पुरतो, कारण तो भाग दिसत नाही आणि तिथले वजन फक्त जाचते.

फिकी छटा चेहऱ्याजवळ ठेवण्याचे कारण छायाचित्रात कळते: गडद लाल फुले हनुवटीखाली आली की तिथे सावली पडल्यासारखे दिसते. दोन छटा जिथे भेटतात तिथे रेघ मारल्यासारखी सीमा ठेवू नये. दोन-तीन फुले आलटून पालटून ओवली की एक छटा दुसरीत सहज उतरते. पांढऱ्या रंगाला या हारात एकच जागा द्यावी, ती म्हणजे पदकाच्या वर निशिगंधाच्या कळ्यांचा एक दाट वळसा. सगळ्या हारभर पांढरे ठिपके विखुरले तर प्रत्येक ठिपका नजर खेचतो आणि छटांच्या पायऱ्या तुटतात. माझ्या मते विवाहाचे हार बिघडवणारे सर्वांत सामान्य कारण हेच आहे.

वधू गडद हिरवा किंवा वांगी रंगाचा शालू नेसणार असेल तर हाच क्रम चालणार नाही, कारण खालची गडद फुले गडद कापडात बुडतील. तिथे मधला भाग गडद ठेवून खालचा भाग आणि पदक फिके करावे. हाराचा रंग ठरवण्याआधी साडीचा पदर किंवा निदान तिचे छायाचित्र फुलवाल्याला दाखवावे ते यासाठीच. वधूवरांच्या कपड्यांत फार फरक असेल तर दोन्ही हारांचे घराणे एकच ठेवून फक्त छटांचा क्रम उलटा करता येतो, आणि जोडी तरीही एकत्र शोभते.

गोरज मुहूर्तावर उघड्या लॉनवर लग्न असेल तर आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. चेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नोंदवले होते की उजेड कमी होत जातो तसा लाल रंग इतरांपेक्षा लवकर काळवंडतो, आणि निळे-हिरवे रंग त्या मानाने उजळ राहतात. संधिप्रकाशात पुरेसे दिवे नसतील तर गडद लाल गुलाब काळे दिसतात आणि त्यांच्यातली पाने मात्र उठून दिसतात. शिवाय गडद लाल गुलाब सुकताना कडांकडून आणखी काळपट होत जातो, आणि हार पहाटे ओवून संध्याकाळी वापरायचा असेल तर हा फरक नजरेत भरतो. अशा वेळी बाजारात आवडलेल्या गडद छटेपेक्षा एक पायरी फिकी छटा घ्यावी.

पुष्पगुच्छाची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तो दोन-तीन हातांवरून पाहिला जातो आणि इतक्या जवळून नाजूक फरकही कळतात. म्हणून गुच्छात अगदी जवळजवळच्या छटा चालतात, आणि एखादा वेगळा रंगही खपून जातो. बारा दांड्यांच्या गुच्छात सहा मध्यम, तीन गडद आणि तीन फिक्या दांड्या घ्याव्यात, गडद फुले थोडी खाली आणि आत खोचावीत म्हणजे ती सावलीचे काम करतात, आणि फिकी फुले वर येऊ द्यावीत. वेगळा रंग हवाच असेल तर तो एकाच जागी दोन-तीन फुलांच्या पुंजक्यात ठेवावा. मोकळ्या जागा भरण्यासाठी सगळीकडे जिप्सोफिला खोचण्याची पद्धत आहे, पण ती पांढरी बारीक फुले गडद फुलांमधल्या सावल्या बुजवतात. आतल्या फटींमध्ये पाने आणि जिप्सोफिला फक्त बाहेरच्या कडेला, इतकेच फुलवाल्याला सांगावे.