वर्ग कोणी ठरवायचे? आयतालेखातील दोन शिखरांची तपासणी

दहावीच्या सांख्यिकीत आयतालेख काढायला सांगतात, तेव्हा वर्ग बहुधा आधीच दिलेले असतात. ०–१०, १०–२०, २०–३० अशी तयार सारणी समोर येते आणि विद्यार्थ्याने फक्त पट्टीने आयत आखायचे असतात. त्यामुळे अनेकांच्या मनात कायमचा समज रुजतो, की वर्ग हे माहितीतूनच येतात आणि आयतालेख हे तिचे हुबेहूब चित्र असते. वस्तुस्थिती तशी नाही. वर्ग किती रुंद ठेवायचा आणि पहिला वर्ग कोठून सुरू करायचा, हे दोन निर्णय मोजणाऱ्या माणसाचे असतात. त्या निर्णयांवर चित्रात एक शिखर दिसेल की दोन, हेही अवलंबून असू शकते. हे कसे घडते, ते एका खऱ्या नोंदवहीवरून पाहू.

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ‘ओल्ड फेथफुल’ नावाचा उष्णोदकाचा फवारा आहे. जमिनीखालचे तापलेले पाणी ठरावीक काळाने उसळून वर येते, काही मिनिटे उडत राहते आणि मग शांत होते. एका उद्रेकापासून पुढच्या उद्रेकापर्यंत किती मिनिटे गेली, याच्या २७२ नोंदींचा एक संच संख्याशास्त्राच्या अभ्यासकांमध्ये प्रसिद्ध आहे. आपण त्यातील पहिल्या चाळीसच घेऊ, म्हणजे वाचकाला कागद-पेन्सिल घेऊन पडताळा करता येईल.

७९, ५४, ७४, ६२, ८५, ५५, ८८, ८५, ५१, ८५,
५४, ८४, ७८, ४७, ८३, ५२, ६२, ८४, ५२, ७९,
५१, ४७, ७८, ६९, ७४, ८३, ५५, ७६, ७८, ७९,
७३, ७७, ६६, ८०, ७४, ५२, ४८, ८०, ५९, ९०

या संख्यांची सरासरी काढली तर ती सुमारे ७० मिनिटे येते. कोणी घाईघाईने म्हणेल, की पुढच्या उद्रेकासाठी साधारण ७० मिनिटे थांबावे लागते. या विधानाची किंमत किती, ते वारंवारता सारणी केल्यावरच कळते.

सर्वांत लहान संख्या ४७ आणि सर्वांत मोठी ९० आहे. आपण ४५ पासून सुरुवात करून पाच-पाच मिनिटांचे वर्ग पाडू. यादी पहिल्या संख्येपासून क्रमाने वाचत जायची आणि प्रत्येक संख्या ज्या वर्गात बसते त्या वर्गासमोर ताळ्याची एक खूण करायची. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी आडवी. यादीतून एकेका वर्गाच्या संख्या शोधत बसणे मात्र टाळावे, कारण तसे केले की एखादी संख्या दोनदा धरली जाते किंवा सुटते आणि ते लक्षातही येत नाही. शेवटी सर्व वारंवारतांची बेरीज चाळीस आलीच पाहिजे.

४५–४९ : ३
५०–५४ : ७
५५–५९ : ३
६०–६४ : २
६५–६९ : २
७०–७४ : ४
७५–७९ : ८
८०–८४ : ६
८५–८९ : ४
९०–९४ : १

बेरीज चाळीस येते. आता आयत आखले की चित्रात दोन शिखरे स्पष्ट दिसतात. एक पन्नाशीच्या सुरुवातीला आहे, दुसरे पंचाहत्तर ते ऐंशीच्या दरम्यान, आणि दोहोंमध्ये साठ ते सत्तरची खोल दरी आहे. आपली ७० मिनिटांची सरासरी नेमकी त्या दरीच्या काठावर पडते. ६३ ते ७२ मिनिटांच्या दरम्यान चाळीसपैकी केवळ दोन नोंदी आहेत. म्हणजे ‘सरासरी’ म्हणून सांगितलेला काळ हा या फवाऱ्याच्या बाबतीत क्वचितच घडणारा काळ आहे.

सीमेवरच्या संख्यांचा प्रश्न येथे सोडवून टाकू. वर्ग ४५–५०, ५०–५५ असे सलग लिहिले, तर ५५ कोठे मोजायचे? शाळेतील संकेतानुसार वरची मर्यादा वर्गात धरत नाहीत, म्हणून ५५ हे ५५–६० मध्ये जाते. परंतु काही संगणकीय प्रणाली याच्या उलट संकेत पाळतात आणि वरची मर्यादा वर्गात धरतात. तसे केले तर आपल्याच सारणीत ५०–५५ च्या वर्गात ७ ऐवजी ९ नोंदी येतात आणि ५५–६० मध्ये ३ ऐवजी १ उरते. माहिती तीच, वर्गही तेच, तरी आयतांची उंची बदलते. दोन जणांच्या सारण्या जुळत नसतील तर चूक शोधण्याआधी हा संकेत विचारून घ्यावा.

आता वर्ग रुंद करू. वीस-वीस मिनिटांचे वर्ग घेतले, तर ४०–५९ मध्ये १३, ६०–७९ मध्ये १६ आणि ८०–९९ मध्ये ११ नोंदी येतात. दरी नाहीशी झाली! मधला आयत सर्वांत उंच, दोन्ही बाजूंचे थोडे ठेंगणे, असे एकाच शिखराचे शांत चित्र तयार होते, कारण ६०–७९ या वर्गाने दरी आणि तिच्या शेजारचे शिखर दोन्ही एकत्र गिळले. उलट टोकाला जाऊन एक-एक मिनिटाचे वर्ग घेतले तर ४७ पाशी २, ४८ पाशी १, ४९ आणि ५० पाशी शून्य, ५१ पाशी २, असा विस्कळीत कंगवा दिसतो आणि त्यात शिखर कोणते आणि योगायोग कोणता, हे ओळखता येत नाही.

रुंदीचा हा परिणाम बहुतेकांना पटतो. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो आरंभबिंदूचा परिणाम, कारण तो सहसा कोणी तपासत नाही. पंधरा मिनिटांचे वर्ग घेऊ आणि सुरुवात ४५ पासून करू. ४५–५९ मध्ये १३, ६०–७४ मध्ये ८, ७५–८९ मध्ये १८ आणि ९०–१०४ मध्ये १. दोन शिखरे कायम आहेत. आता रुंदी पंधराच ठेवून सुरुवात फक्त दहा मिनिटे मागे, म्हणजे ३५ पासून करू. ३५–४९ मध्ये ३, ५०–६४ मध्ये १२, ६५–७९ मध्ये १४ आणि ८०–९४ मध्ये ११. एकच शिखर! एकही नोंद बदललेली नाही, वर्गाची रुंदी बदललेली नाही, आणि तरीही निष्कर्ष उलटला. ४५ पासूनच्या मांडणीत दरीसाठी ६०–७४ हा जवळजवळ स्वतंत्र वर्ग मिळाला होता. ३५ पासूनच्या मांडणीत दरी मधोमध कापली गेली आणि तिचा एकेक अर्धा भाग शेजारच्या शिखरात मिसळला.

रुंदी ठरवण्यासाठी सूत्रे आहेत. स्टर्जेस यांनी १९२६ मध्ये सुचवलेल्या नियमानुसार वर्गांची संख्या १ + log₂ n इतकी घ्यावी. n म्हणजे नोंदींची संख्या. चाळीस नोंदींसाठी उत्तर सहा-सात वर्ग येते. परंतु हा नियम माहिती एकाच शिखराची, घंटेच्या आकाराची आहे असे गृहीत धरून काढलेला आहे, आणि आपल्याला तर तेच तपासायचे आहे. फ्रीडमन आणि डायकोनिस यांचा १९८१ मधील नियम माहितीच्या मधल्या निम्म्या भागाचा पसारा पाहतो. त्या पसाऱ्याच्या दुपटीला नोंदींच्या संख्येच्या घनमुळाने भागायचे. आपल्या नोंदींसाठी मधला निम्मा भाग साधारण ५४.५ ते ८० असा आहे, म्हणजे पसारा २५.५, चाळीसचे घनमूळ सुमारे ३.४, आणि रुंदी आली जवळजवळ १५ मिनिटे. म्हणजे आरंभबिंदू हलवताच जिथे दुसरे शिखर नाहीसे झाले, नेमकी तीच रुंदी! दोन शिखरे दूर असली की मधला पसाराच फुगतो आणि सूत्र गरजेपेक्षा रुंद वर्ग सुचवते. म्हणून सूत्राने मिळालेली रुंदी सुरुवात म्हणून घ्यावी, आणि मग तिच्या निम्म्या व दुप्पट रुंदीने, वेगवेगळ्या आरंभबिंदूंवरून पुन्हा मोजावे. दहा मिनिटांच्या वर्गांची ही कसोटी पाहा. ४० पासून मोजले तर ३, १०, ४, १२, १०, १ आणि ४५ पासून मोजले तर १०, ५, ६, १४, ५. दोन्ही वेळा मध्ये खळगा आहे.

तरीही आयतालेख एवढेच सांगतो की गट दोन असावेत. ते का आहेत, याचे उत्तर बाहेरून यावे लागते, आणि येथे ते मिळते. त्याच नोंदवहीत प्रत्येक उद्रेक किती वेळ चालला हेही आहे. पहिला उद्रेक ३.६ मिनिटे चालला आणि पुढच्याला ७९ मिनिटे लागली, दुसरा १.८ मिनिटेच चालला आणि पुढचा ५४ मिनिटांत आला. लहान उद्रेकात थोडेच पाणी बाहेर पडते, पुष्कळसे तापलेले पाणी आतच उरते, म्हणून पुढची तयारी लवकर होते. दीर्घ उद्रेकानंतर मात्र पुन्हा भरायला आणि तापायला वेळ लागतो. दोन शिखरे म्हणजे दोन प्रकारच्या उद्रेकांनंतरची प्रतीक्षा होय.

आता याच्या अगदी उलट उदाहरण. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या दूब प्रांतातील सैन्यभरतीच्या तरुणांच्या उंचीचा आलेख आडोल्फ बर्तियाँ यांनी अभ्यासला, तेव्हा त्यात दोन शिखरे दिसली. त्यावरून त्या प्रांतात दोन वेगळ्या मानववंशांचे लोक राहतात, असा निष्कर्ष काढला गेला. १८९६ मध्ये इटलीच्या रिदोल्फो लिवी यांनी दाखवून दिले, की उंची मुळात इंचांत मोजली होती आणि दुसरे शिखर इंचांचे सेंटिमीटरमध्ये रूपांतर करताना वर्गांत आलेल्या गफलतीतून निर्माण झाले होते. रक्ताच्या, वंशाच्या आणि जातीच्या ‘मूलभूत’ फरकांबद्दल मोठमोठे दावे आकडेवारीचा आधार देऊन आजही केले जातात. ते ऐकताना पहिला प्रश्न मोजपट्टीबद्दल विचारावा.

ही गफलत कशी होते, हे घरीच करून पाहता येते. आपल्याकडे उंची आजही फूट-इंचांत सांगतात. समजा ६० ते ६९ इंचांपर्यंत प्रत्येक इंचावर बरोबर २० माणसे आहेत, म्हणजे आलेख पूर्ण सपाट यायला हवा. आता सेंटिमीटर करा: ६० इंच म्हणजे १५२.४, ६१ म्हणजे १५४.९, ६२ म्हणजे १५७.५, ६३ म्हणजे १६०.० आणि पुढे तसेच. १५२ पासून चार-चार सेंटिमीटरचे वर्ग पाडले, तर पहिल्या वर्गात दोन इंच पडतात, दुसऱ्यात एकच, तिसऱ्यात आणि चौथ्यात दोन-दोन, पाचव्यात पुन्हा एक, सहाव्यात दोन. वारंवारता येतात ४०, २०, ४०, ४०, २०, ४०. सपाट माहितीत दऱ्याखोरी तयार झाली, कारण एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर आणि चार सेंटिमीटरच्या वर्गात पूर्ण इंचांची संख्या कधी एक, कधी दोन बसते.

यापासून वाचण्याचा उपाय सोपा आहे. नोंद ज्या एककात झाली, वर्गांतर त्याच एककाच्या पूर्ण पटीत घ्यावे आणि सीमा दोन नोंदींच्या मधोमध ठेवाव्या. इंचांत मोजलेल्या उंचीसाठी ५९.५ ते ६१.५ असा दोन इंचांचा वर्ग चालेल. ओल्ड फेथफुलच्या नोंदी पूर्ण मिनिटांत आहेत, म्हणून तेथे अडीच मिनिटांचा वर्ग घेऊ नये; ४५ पासून मोजले तर पहिल्या वर्गात ४५, ४६ आणि ४७ ही तीन मिनिटे येतील, पुढच्यात ४८ आणि ४९ ही दोनच, आणि आलेखात आळीपाळीने चढउतार दिसतील. शंका आल्यास मूळ नोंदींचा शेवटचा अंक पाहावा. सर्व संख्या ० किंवा ५ ने संपत असतील, तर मोजणाऱ्याने अंदाजाने पूर्णांकन केले आहे आणि पाचपेक्षा अरुंद वर्ग घेऊन काहीही नवे कळणार नाही.