इंजिनिअरिंगच्या कॅप अर्जात बारावीचा जिल्हा चुकला? दुरुस्ती अशी मागा

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या केंद्रीय फेऱ्यांसाठी भरायच्या कॅप अर्जातल्या बहुतेक चुका सुविधा केंद्रावर, म्हणजे एफसीवर, कागदपत्रं तपासतानाच पकडल्या जातात. जन्मतारीख किंवा टक्के चुकले असतील तर स्क्रुटिनी करणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं. बारावीचा जिल्हा मात्र निसटू शकतो, कारण गुणपत्रिकेवर वरवर नजर टाकली तर सगळं बरोबरच दिसतं. आणि या एका रकान्यावर तुमची होम युनिव्हर्सिटी ठरते.

पुण्यात राहणाऱ्या बार्शीच्या एका मुलीचं उदाहरण घेऊ. दहावी, बारावी दोन्ही बार्शीत झाली, निकालानंतर ती सिंहगड रोडला मावशीकडे आली. अर्ज भरताना तिने बारावी उत्तीर्ण झाल्याचा जिल्हा ‘पुणे’ निवडला. गुणपत्रिकेवर ‘पुणे विभागीय मंडळ’ छापलेलं असल्यामुळे तिला शंकाही आली नाही. पण पुणे विभागीय मंडळात पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर असे तीन जिल्हे येतात. विद्यापीठाची हद्द वेगळी आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक, तर सोलापूर जिल्ह्याला स्वतःचं विद्यापीठ. ज्यांची दहावी-बारावी महाराष्ट्रात झाली अशा टाइप ए उमेदवाराची होम युनिव्हर्सिटी बारावीचं कॉलेज ज्या विद्यापीठाच्या हद्दीत असेल, तीच धरतात. सध्या राहता कुठे किंवा मंडळ कोणतं, याचा संबंध नाही.

यामुळे केवढा फरक पडतो, ते कटऑफच्या यादीत दिसतं. ज्या कॉलेजांत विद्यापीठनिहाय वाटप असतं, तिथे ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या मुलांसाठी आणि ३० टक्के बाहेरच्या विद्यापीठांतल्या मुलांसाठी असतात. यादीत खुल्या प्रवर्गाच्या अशा जागांपुढे अनुक्रमे `GOPENH` आणि `GOPENO` असे कोड दिसतात. `GOPENS` म्हणजे राज्यस्तरीय जागा, जशा पुण्याच्या सीओईपीत असतात. तिथे होम युनिव्हर्सिटीचा प्रश्न येत नाही. बार्शीच्या मुलीला चुकीच्या अर्जावर पुण्याची `H` जागा मिळू शकते, म्हणजेच जिच्यावर तिचा हक्क नाही अशी जागा. चूक आपल्या फायद्याची आहे म्हणून गप्प बसणं इथे सगळ्यात महागात पडतं. प्रवेशाच्या वेळी मूळ कागदपत्रं पुन्हा तपासतात. तोवर चांगल्या फेऱ्या होऊन गेलेल्या असतात.

आधी अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे ते बघा

अर्ज सबमिट झालाय पण स्क्रुटिनी व्हायची आहे, अशा वेळी काम सोपं असतं. लॉगिनमध्ये ज्या एफसीचं नाव दिसतं तिथे कळवा. तपासणारे अर्ज शेरा लिहून परत पाठवतात, म्हणजे ‘रिव्हर्ट’ करतात, आणि मग तो दुरुस्त करायला खुला होतो.

अर्ज कन्फर्म झाला असेल तर आपल्याला त्यात हात लावता येत नाही. अशा वेळी तात्पुरत्या गुणवत्ता यादीची वाट बघायची. ती लागली की ग्रीव्हन्ससाठी, म्हणजे तक्रार नोंदवायला, मोजकेच दिवस मिळतात, तारखा वेळापत्रकात असतात. त्या मुदतीत स्वतःच्या लॉगिनमधून ग्रीव्हन्स टाकायची. मान्य झाली की अर्ज उघडतो. दुसरा ईमेल, दुसरा मोबाइल नंबर वापरून नवा अर्ज भरायला जाऊ नका. जुना कन्फर्म अर्ज त्याने रद्द होत नाही, एकाच मुलीचे दोन अर्ज होऊन बसतात आणि मूळ चुकीत नव्या गुंत्याची भर पडते.

सीईटीचे पर्सेंटाइल सीईटी कक्षाच्या नोंदीतून आलेले असतात. ते एफसीवर बदलून मिळत नाहीत, त्यासाठी तिथे रांग लावू नका.

कागदपत्रं आणि पत्र

या दुरुस्तीसाठी बारावीची गुणपत्रिका, बारावीच्या कॉलेजचा शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि आधी मिळालेली अर्जाची पोचपावती एवढं पुरतं. यात निर्णायक दाखलाच, कारण त्यावर कॉलेजचा तालुका आणि जिल्हा लिहिलेला असतो. गुणपत्रिकेवरच्या मंडळाच्या नावाने तर मुळात घोळ झालेला असतो. दाखला स्पष्ट स्कॅन करा, शिक्का वाचता आला पाहिजे.

आता पत्राबद्दल. पालक बरेचदा दोन पानं लिहितात: कॅफेवाल्याने चूक केली, सर्व्हर बंद होता, मुलीचं वर्ष वाया जाईल. समोरच्या माणसाकडे त्या दिवशी असे कितीतरी अर्ज असतात. त्याला काय चुकलं, बरोबर काय, पुरावा कुठे आणि आपल्याला नेमकं काय हवंय, एवढंच कळायला हवं. माफी एका वाक्यात मागावी.

> प्रति,
> मा. केंद्रप्रमुख, सुविधा केंद्र
>
> विषय: कॅप अर्जातील बारावी उत्तीर्णतेचा जिल्हा दुरुस्त करण्याबाबत (अर्ज क्रमांक …)
>
> महोदय/महोदया,
>
> माझ्या वरील अर्जात बारावी उत्तीर्णतेचा जिल्हा ‘पुणे’ असा नोंदवला गेला आहे. ही चूक माझी आहे. मी बारावी बार्शी (जि. सोलापूर) येथून उत्तीर्ण झाले असून त्याबाबतचा शाळा सोडल्याचा दाखला व गुणपत्रिका सोबत जोडली आहे. या दुरुस्तीमुळे माझी होम युनिव्हर्सिटी बदलेल, याची मला कल्पना आहे.
>
> कृपया अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठवावा, ही विनंती. अर्जातील अन्य कोणत्याही माहितीत बदल नाही. आपणास झालेल्या तसदीबद्दल क्षमस्व.
>
> आपली विश्वासू,
> (नाव, सही, मोबाइल)

‘अन्य कोणत्याही माहितीत बदल नाही’ हे वाक्य गाळू नका. त्यामुळे तपासणाऱ्याला अख्खा अर्ज पुन्हा चाळायचं कारण उरत नाही. होम युनिव्हर्सिटी बदलेल हेही स्वतःच सांगितलेलं बरं, म्हणजे मुलीने परिणाम समजून मागणी केली आहे हे दिसतं. ऑनलाइन ग्रीव्हन्समध्ये हाच मजकूर दोन-तीन वाक्यांत बसवा आणि दाखला जोडायची सोय असेल तर जोडा. प्रत्यक्ष पत्र दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.

अर्ज परत आल्यावर

इथेच मुलं अडकतात. ग्रीव्हन्स मान्य झाल्याचा मेसेज येतो, जिल्हा बदलून सेव्हही करतात, आणि काम झालं असं समजतात. पण परत आलेला अर्ज कन्फर्म धरत नाहीत. तो पुन्हा सबमिट करावा लागतो, एफसीने पुन्हा तपासून कन्फर्म करावा लागतो आणि मग नवी पोचपावती निघते. हे मुदतीत झालं नाही, तर जिल्हा बरोबर असूनही नाव अंतिम यादीत येणार नाही. नव्या पावतीवर तारीख, वेळ आणि होम युनिव्हर्सिटी या तीन गोष्टी वाचा. बार्शीच्या मुलीच्या पावतीवर सोलापूर विद्यापीठ दिसलं पाहिजे. जुनी पावतीही फाडू नका. दोन्ही जवळ असल्या की पुढे कुणी विचारलं तर बदल कधी आणि काय झाला ते दाखवता येतं.

दुरुस्तीनंतर पसंतीक्रम पुन्हा बसवावा लागतो, कारण ज्या जागांचे `H` कटऑफ बघून यादी केली होती तिथे आता `O` चे आकडे बघायचे. राज्यस्तरीय जागांच्या बाबतीत काही बदलत नाही.

अंतिम गुणवत्ता यादी लागल्यावर चूक कळली, तरी एक वाट उरते. जागा मिळाल्यावर ती स्वीकारण्याआधी लॉगिनमध्ये आपले दावे स्वतः तपासून खरे असल्याचं सांगावं लागतं. तिथे खोटी खूण न करता ग्रीव्हन्स टाकता येते. दुरुस्तीमुळे मिळालेली जागा रद्द होते, पण पुढच्या फेऱ्यांमध्ये भाग घेता येतो.