सर्व्हिस्ड अपार्टमेंटचा दीर्घ मुक्काम करार

सर्व्हिस्ड अपार्टमेंट किंवा गेस्ट हाउसमध्ये काही आठवडे ते काही महिने राहण्यासाठी पाहुणा आणि चालक यांच्यात होणारा करार. खोलीबरोबर साफसफाई, चादरी, वीज, इंटरनेट अशा सेवाही यात येतात. म्हणून तो नेहमीच्या घरभाड्याच्या करारापेक्षा हॉटेलच्या बुकिंगला जवळचा असतो. चालक बहुधा पाहुण्याला खोली वापरण्याची परवानगी देतो, भाडेकरूचे हक्क देत नाही.

अशा करारात दर दोन असतात. रोजचा दर एकेका रात्रीचा असतो. मासिक दर त्याच्या तीसपट नसतो, बराच कमी असतो, कारण खोली रिकामी राहण्याची जोखीम आणि वारंवारची साफसफाई दोन्ही टळतात. रोजचा दर 100 आणि 30 रात्रींचा मासिक दर 2,100 धरला, तर रात्र 70 ला पडते. 21 रात्रींना दोन्ही हिशोब सारखे येतात. त्याहून जास्त राहायचे असेल तर महिना धरणेच स्वस्त. मात्र ‘महिना’ म्हणजे कॅलेंडरचा महिना, 30 रात्री की 28 रात्री, हे करारात लिहिलेले हवे. 28 रात्रींचा महिना धरला तर वर्षात बारा नव्हे, तेरा बिले येतात.

खरा वाद होतो तो मुक्काम अर्धवट सुटल्यावर. वरच्याच दराने दोन महिन्यांचा, म्हणजे 60 रात्रींचा करार झाला आणि पाहुणा 40 रात्रींनी निघाला असे धरू. उरलेल्या दहा रात्री मासिक दराच्या प्रमाणात मोजल्या तर एकूण 2,800 होतात. पहिला महिना मासिक दराने आणि पुढच्या दहा रात्री रोजच्या दराने धरल्या तर 3,100. ‘मुदतीआधी खोली सोडल्यास संपूर्ण मुक्कामाला रोजचा दर लागेल’ असे कलम असेल तर मात्र 4,000. पूर्ण 60 रात्रींचे बिलच 4,200 आहे. तेव्हा हाच पाहुणा 45 रात्रींनी निघाला असता, तर या कलमाने त्याला 4,500 भरावे लागले असते, म्हणजे पूर्ण राहिला असता त्यापेक्षाही जास्त. यासाठी ‘फेरहिशोबाची रक्कम मूळ कराराच्या एकूण रकमेपेक्षा जास्त होणार नाही’ हे वाक्य सहीपूर्वीच घालून घ्यावे. चालकाच्या बाजूने पाहता फेरहिशोब अन्याय्य नाही. सवलत दीर्घ मुक्कामाची होती आणि तो मुक्काम झालाच नाही. पण नोटीस कालावधीचे पैसे आणि फेरहिशोब दोन्ही एकाच वेळी लावणे म्हणजे एकाच नुकसानीची दुहेरी वसुली. करारात दोन्हींपैकी एकच असावे.

कराचेही गणित मुदतीवर फिरते. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात सलग किमान 30 दिवस राहणार असल्याचे सुरुवातीलाच लेखी कळवले, तर हॉटेल कर पहिल्या दिवसापासून माफ होतो. तसे कळवले नाही तर तो पहिल्या 30 दिवसांवर लागतो आणि त्यानंतर थांबतो. लेखी कळवूनही पाहुणा आधीच निघाला, तर माफ झालेला कर भरावा लागतो. ब्रिटनमध्ये सलग 28 रात्रींनंतर, म्हणजे 29व्या रात्रीपासून, खोलीच्या भागावर व्हॅट लागत नाही. जेवण आणि सेवांच्या भागावर तो लागत राहतो आणि सेवांचा भाग, जेवण वगळून उरलेल्या रकमेच्या किमान 20 टक्के धरावाच लागतो. म्हणून कोटेशन घेताना दर करासह आहे की करावेगळा, आणि मुक्काम मोडल्यास कराचा फरक कोण भरणार, हे दोन्ही प्रश्न विचारावेत. मधे चार दिवस बाहेर जायचे असेल तर खोली सोडू नये. बिलात खंड पडला की ‘सलग’ ही अट मोडू शकते.

चेकआउटच्या वेळी रात्र मोजण्यातली चूक सर्रास होते. 1 तारखेला आलेल्या पाहुण्याच्या 30 रात्री 31 तारखेच्या सकाळी संपतात. 30 तारखेला निघाला तर रात्री 29च भरतात आणि मासिक दराची अट एका रात्रीने हुकते. उशिरा निघण्याचा आकार अर्ध्या दिवसाचा की पूर्ण रात्रीचा, आणि तो रोजच्या दराने की मासिक दराच्या प्रमाणात, हेही ठरलेले असावे.

अनामत परत मिळताना कपात बहुतेकदा डाग, फुटलेली भांडी, हरवलेली किल्ली आणि ठरलेल्या मर्यादेबाहेरची वीज यांची होते. त्यासाठी आल्या दिवशीच सामानाची यादी आणि मीटरचा आकडा दोघांच्या सहीने नोंदवावा, भिंती आणि गादीचे फोटो काढावेत. निघताना खोलीची पाहणी पाहुण्यासमोर व्हावी. किल्ली टेबलावर ठेवून निघून गेल्यास नंतर सापडलेला डाग कोणाचा, हे सिद्ध करता येत नाही. वापराने आलेली झीज नुकसान धरली जाणार नाही आणि उरलेली अनामत किती दिवसांत परत येईल, ही दोन कलमे नसलेला करार अपुरा समजावा.