चलनाची फाईल: एका मेसेजच्या पाच स्लाइड

शनिवारी संध्याकाळी आमच्या सहकारनगरच्या सोसायटीतल्या एका काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. ‘तुमच्या वाहनावर वाहतूक नियमभंगाचे चलन नोंदवले आहे. दंड ₹५००. आज रात्री १२ पर्यंत न भरल्यास वाहन काळ्या यादीत जाईल. पुराव्याचा फोटो सोबतच्या फाईलमध्ये.’ खाली फाईल होती, `RTO Challan.apk`. मेसेजमध्ये काकांच्या स्कूटरचा एमएच १२ ने सुरू होणारा नंबर बरोबर होता. सकाळीच नळ स्टॉपच्या सिग्नलला त्यांचं चाक झेब्रावर गेलं होतं, त्यामुळे मेसेज खरा वाटायला कारणही होतं.

मी मोबाइल अ‍ॅपची सुरक्षितता तपासण्याचं काम करते. काकांनी ती फाईल उघडली आणि त्यांचे पैसे गेले, त्यानंतर सेक्रेटरींनी मला सोसायटीच्या ग्रुपसाठी स्लाइड करायला सांगितल्या. एका स्लाइडवर एकच धोक्याची खूण आणि तिच्याखाली पुढे काय करायचं, एवढंच त्यांना हवं होतं. स्लाइडवर दोन ओळींपेक्षा जास्त मावत नाही. त्या ओळींमागचं कारण मात्र कळायला हवं, कारण पुढच्या वेळी मेसेज चलनाचा नसेल, लग्नपत्रिकेचा किंवा वीजबिलाचा असेल.

स्लाइड १. मेसेज कुठून आला? साधा दहा आकडी नंबर असेल तर थांबा.

बँका, कंपन्या आणि सरकारी खात्यांना एसएमएस पाठवण्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं. म्हणून त्यांच्या एसएमएसवर मोबाइल नंबर न दिसता अक्षरांचा शिक्का दिसतो. २०२५ पासून त्या शिक्क्याच्या शेवटी एक अक्षर जोडलेलं असतं. सरकारी संदेशाला `-G`, सेवेच्या संदेशाला `-S`, व्यवहाराच्या संदेशाला `-T` आणि जाहिरातीला `-P`. काकांचा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर, साध्या मोबाइल नंबरवरून आला होता. डीपीत राजमुद्रा होती, पण डीपी आणि नाव कोणालाही हवं ते ठेवता येतं.

या खुणेला मर्यादा आहे. शिक्क्यांचा गैरवापर झाल्याची उदाहरणं आहेत, म्हणजे शिक्का दिसला म्हणून मेसेज खराच असतो असं नाही. दुसरी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. ही अ‍ॅप एकदा फोनमध्ये शिरली की अनेकदा त्या फोनमधल्या ओळखीच्यांना तोच मेसेज पुढे पाठवतात. त्यामुळे पुढचा मेसेज तुमच्या भावाच्या नावानेही येऊ शकतो आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

काय करायचं: मेसेजला हात न लावता ब्राउझरमध्ये स्वतः `mahatrafficechallan.gov.in` टाइप करायचं. तिथे गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे दिले की खरी चलनं फोटोसकट दिसतात. पत्त्यातला `.gov.in` हा भाग फक्त सरकारी संस्थांना मिळतो. `-gov.in` किंवा `gov.in.` नंतर आणखी काही, असं दिसलं तर तो पत्ता सरकारी नाही, कारण टिंबाच्या जागी आडवी रेघ घालून तसं नाव कोणीही विकत घेऊ शकतं. गाडीचा नंबर बरोबर आहे याला काडीचीही किंमत देऊ नका. तो रोज रस्त्यावर सगळ्यांना दिसतो.

स्लाइड २. फाईलच्या शेवटी .apk आहे? तो फोटो नाही.

ही स्लाइड सगळ्यात छोटी आहे आणि बाकीच्या पुसल्या तरी ही राहावी असं मला वाटतं. फोटोच्या नावाच्या शेवटी `.jpg` असतं, पावतीच्या शेवटी `.pdf`. `.apk` म्हणजे अँड्रॉइडवर चालणारं अख्खं अ‍ॅप. ते उघडणं म्हणजे कागद बघणं नव्हे, माणूस घरात घेणं आहे. आयफोनवर ही फाईल चालतच नाही. कोणतंही सरकारी खातं चलन बघण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅप पाठवत नाही.

काय करायचं: फाईल न उघडता डिलीट करा. मेसेज मात्र स्क्रीनशॉट काढून ठेवा. पैसे गेले नसतील तरी दूरसंचार खात्याच्या संचार साथी संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ सुविधेवर असा मेसेज कळवता येतो.

स्लाइड ३. ‘सेटिंग बदला’, ‘परवानगी द्या’ असं फोन विचारतोय? ‘नाही’ म्हणा.

इथे थोडं थांबू या, कारण काकांचे पैसे खरं तर इथेच गेले.

फाईलवर बोट ठेवल्यावर फोनने त्यांना अडवलं होतं. अनोळखी ठिकाणाहून आलेलं अ‍ॅप घ्यायचं का, असं अँड्रॉइड विचारतो. प्ले प्रोटेक्ट नावाचा पहारेकरीही लाल पट्टी दाखवतो. मेसेज पाठवणाऱ्याने लगेच लिहिलं, ‘सरकारी अ‍ॅप नवीन आहे म्हणून तसं दिसतं, प्ले प्रोटेक्ट बंद करा.’ काकांनी बंद केलं. मग अ‍ॅपने एसएमएसची परवानगी मागितली आणि पाठोपाठ विचारलं, ‘हे तुमचं मुख्य एसएमएस अ‍ॅप करायचं का?’ काकांनी दोन्हींना होकार दिला. चलन बघायची घाई होती.

चलन दाखवणाऱ्या अ‍ॅपला एसएमएस कशाला लागतात? एसएमएसची परवानगी दिली की अ‍ॅपला तीन गोष्टी करता येतात: आलेले मेसेज वाचणं, नवीन मेसेज येताक्षणी पकडणं आणि तुमच्या सिममधून मेसेज पाठवणं. आपले जवळजवळ सगळे ओटीपी एसएमएसनेच येतात. ते वाचून इंटरनेटवरून भलत्याच माणसाकडे पोचवायला अ‍ॅपला एखादा सेकंद लागतो. अ‍ॅप ‘मुख्य’ झालं, की आलेला मेसेज तुम्हाला दाखवायचा की नाही हेही तेच ठरवतं. म्हणून काकांना ना ओटीपी दिसला, ना बँकेचा पैसे गेल्याचा संदेश. गूगलने २०१९ पासून प्ले स्टोअरवरच्या बहुतेक अ‍ॅपना ही परवानगी मागायला मनाई केली आहे. चोर फाईल व्हॉट्सअ‍ॅपवरून का पाठवतात, याचं हे एक मोठं कारण आहे.

मेसेज पाठवण्याच्या परवानगीतला धोका लोकांना सहसा माहीत नसतो. तुम्ही नवीन फोनवर यूपीआय अ‍ॅप सुरू करता तेव्हा ते तुमच्या सिममधून एक सांकेतिक एसएमएस पाठवतं. तो कोणत्या नंबरवरून आला ते बघून, हा फोन याच माणसाचा, असं पलीकडे नोंदवलं जातं. आता चोराने स्वतःच्या फोनवर यूपीआय सुरू केलं आणि तो सांकेतिक मजकूर तुमच्या फोनमध्ये बसलेल्या अ‍ॅपकडून पाठवून घेतला, तर पलीकडे दिसतो तो तुमचाच नंबर. तुमच्या खात्याला त्याचा फोन जोडला जातो. मग त्याला फक्त यूपीआय पिन हवा असतो. पिन खात्याचा असतो, अ‍ॅपचा नाही, म्हणून कुठल्याही बनावट पानावर टाकलेला पिन त्याच्या फोनवरही चालतो. नवीन फोन जोडल्यावर पहिले २४ तास यूपीआयवर ₹५,००० ची मर्यादा असते, तीच काय ती आड येते.

काय करायचं: चुकून परवानगी दिली असेल तर ती मागे घेत बसू नका. फोन लगेच फ्लाइट मोडवर टाका आणि वायफायही बंद आहे ना ते बघा. अ‍ॅपचा बाहेरचा रस्ता तुटायला हवा.

स्लाइड ४. ₹१ भरायला सांगतायत?

₹१ भरून ‘पडताळणी’ करा, असं त्या अ‍ॅपमधल्या पानावर होतं. काकांना वाटलं, रुपयाच तर जाईल. पण त्यांना रुपया नकोच असतो, त्यांना तुमचं टायपिंग हवं असतं. काकांनी डेबिट कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे टाकले. पान फिरत राहिलं आणि ‘सर्व्हर व्यस्त आहे’ असं आलं. ओटीपी पकडणारं अ‍ॅप आधीच बसलेलं होतं, कार्डाची माहितीही आता मिळाली. ७.५२ ला ₹२४,९९९ गेले आणि ७.५८ ला ₹१८,०००.

काय करायचं: आकडे टाकून झाले असतील तर पैसे जायची वाट न बघता दुसऱ्या फोनवरून कार्ड बंद करायला सांगा. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो. गूगलवर शोधू नका, तिथे बनावट ग्राहकसेवा नंबर सापडतात.

स्लाइड ५. पैसे गेले. दुसऱ्या फोनवरून १९३०.

काकांना कळलं ते ८.२० ला, बँकेच्या ईमेलमुळे. एसएमएस अडवता आला तरी ईमेल चोराच्या हातात नव्हता. काकूंच्या फोनवरून त्यांनी आधी बँकेला कळवलं आणि मग १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन केला. या नंबरवर खात्याची माहिती, वेळ, रक्कम आणि व्यवहार क्रमांक विचारतात. यूपीआयचा व्यवहार असेल तर तो बारा आकडी असतो. या माहितीवरून तुमच्या बँकेला आणि पैसे जिथे पोचले त्या बँकेला किंवा वॉलेटला एकाच वेळी कळतं. पैसा तिथे अजून असेल तर तो गोठवला जातो. पुढे सरकला असेल तर तक्रार पुढच्या खात्याकडे जाते. चोरांकडे भाड्याने घेतलेल्या खात्यांची साखळी असते आणि पैसा तुकडे होऊन तिच्यातून वाहत जातो. एटीएममधून तो नोटा होऊन बाहेर पडला की गोठवायला काही उरत नाही. म्हणून इथे मिनिटं मोजायची. ‘उद्या बँकेत जाऊन बघतो’ हे वाक्य सगळ्यात महाग पडतं.

फोन झाल्यावर `cybercrime.gov.in` वर तक्रार पूर्ण करा आणि बँकेलाही लेखी कळवून पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमांप्रमाणे चूक तुमचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. काकांनी माहिती स्वतः टाकली होती, त्यामुळे त्यांच्या बाबतीत वाद होऊ शकतो. पण त्याच नियमांनुसार कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी असतं. कळवल्याची नेमकी वेळ जपून ठेवायची ती याचसाठी.

या स्लाइडवर तळाला मी एक ओळ जोडली आहे: ‘त्या फोनवरून पिन बदलू नका.’ काका तेच करायला निघाले होते. अ‍ॅप आत असताना बदललेला पिनही त्याच्याच नजरेसमोर टाकला जाऊ शकतो. ही अ‍ॅप बऱ्याचदा आपलं चिन्ह लपवतात, म्हणून ‘दिसत नाही म्हणजे गेलं’ असं धरू नका. फोटो आणि नंबर दुसरीकडे घेऊन फोन फॅक्टरी रीसेट केला, तेव्हाच सिम परत चालू केलं आणि सगळे पिन बदलले.

₹१८,००० एका वॉलेटमध्येच पडून होते, ते गोठले. परत हातात यायला कागदपत्रं आणि वेळ लागतो, पण ते वाचले. ₹२४,९९९ पुढच्या खात्यांमधून निघून गेले होते.

रविवारी सकाळी काकूंच्या फोनवर आम्ही दोघांनी खऱ्या संकेतस्थळावर स्कूटरचा नंबर टाकून बघितला. त्या गाडीवर एकही चलन नव्हतं.