रीलमधील मजकूर बटणांमागे का जातो आणि तो कुठे ठेवावा
(जळगाव, भुसावळ, धुळे परिसरातील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आम्ही तयार केलेला व्हिडिओ आपण बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर पाहता आणि तिथेच पसंत करता. तिथे चित्रावर फारसे काही येत नसल्यामुळे शेवटच्या ओळीतील भाव आणि फोन नंबर स्वच्छ वाचता येतो. तोच व्हिडिओ इन्स्टाग्रामवर रील म्हणून गेला की खालच्या भागावर खात्याचे नाव, वर्णनाची ओळ आणि गाण्याचे नाव येते, तर उजव्या कडेला लाइक, कमेंट आणि शेअरची बटणे उभी राहतात. ही बटणे व्हिडिओचा भाग नसतात, अ‍ॅप ती वरून चढवते. म्हणूनच आमच्याकडून आलेल्या फाइलमध्ये ती कधीच दिसत नाहीत. यूट्यूब शॉर्ट्सवरही मांडणी साधारण अशीच असते.

उभ्या व्हिडिओची चौकट 1080 पिक्सेल रुंद आणि 1920 पिक्सेल उंच असते. रीलच्या जाहिरातींसाठी मेटा कंपनीची सूचना अशी आहे की वरचा सुमारे 14 टक्के, खालचा सुमारे 35 टक्के आणि दोन्ही कडांचा सुमारे 6 टक्के भाग मजकुरापासून मोकळा ठेवावा. पिक्सेलच्या हिशेबात वरून सुमारे 270, खालून 670 आणि प्रत्येक कडेने 65 सोडावे लागतात. खालचा आकडा एवढा मोठा पाहून अनेकांना जागा वाया गेल्यासारखी वाटते. पण आपण रीलला पैसे लावून जाहिरात केली की खाली आणखी एक बटण येते, आणि वर्णन लांब असेल तर ते उघडताच वरच्या दिशेने पसरते. त्यामुळे जाहिरात आज करायची नसली तरी आम्ही हीच मोजमापे धरतो. उजव्या कडेला मात्र 65 पिक्सेल पुरत नाहीत. बटणांची रांग खालच्या अर्ध्या भागात असते, म्हणून तिथे आम्ही 150 पिक्सेल सोडतो; हा आमचा स्वतःचा अंदाज आहे, कंपनीचा नियम नव्हे.

उदाहरणादाखल केळीच्या वेफर्सच्या दुकानाचा एक व्हिडिओ घेऊ. दुकानदार काउंटरमागे बसून बोलत आहेत, त्यांचा चेहरा वरून 550 ते 1100 पिक्सेलच्या पट्ट्यात आहे आणि भावाची ओळ 1560 ते 1680 मध्ये आहे. सुरक्षित भाग 1250 च्या आसपास संपतो, म्हणजे ही ओळ पूर्णपणे खात्याच्या नावाखाली जाते. ती उचलून वर घ्यायची म्हटले तर किमान 430 पिक्सेल सरकवावी लागते, आणि मग ओळीचा वरचा भाग 1130 वर, म्हणजे थेट हनुवटीखाली येतो. तरीही एक ओळ बसते. दुसरी ओळ जोडली की ती चेहऱ्यावर चढते. संकलनात यावर उपाय म्हणजे चित्र लहान करणे किंवा वर सरकवणे, आणि दोन्हींत कुठे ना कुठे रिकामी पट्टी उरते. खरा उपाय चित्रीकरणाच्या वेळीच करावा लागतो: कॅमेरा एक-दोन पावले मागे घ्यावा आणि थोडा खाली झुकवावा, म्हणजे चेहरा लहान होऊन 300 ते 800 च्या पट्ट्यात येतो आणि 900 ते 1240 हा पट्टा मजकुरासाठी मोकळा राहतो. डोक्यावर भरपूर जागा सोडून छातीपर्यंतच चित्र घेण्याची सवय इथे नडते.

देवनागरीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. वेलांटी, मात्रा आणि रफार ओळीच्या वर, तर उकार खाली जातात, त्यामुळे ओळीची खरी उंची अक्षराच्या आकारापेक्षा बरीच जास्त भरते. आम्ही मोजमाप या टोकांपासून घेतो. अहिराणीतील संवाद पडद्यावर लिहायचे असतील तेव्हा एका वेळी दोनच लहान ओळी द्याव्यात. रुंद एक ओळ उजव्या बटणांमागे शेवटचा शब्द हरवते, आणि तो शब्द नेमका भावाचा आकडा असतो.

तपासणीची पद्धत सोपी आहे. आपल्या फोनवर कोणतीही चालू रील उघडून तिचा स्क्रीनशॉट आम्हाला पाठवावा. तो आम्ही अर्धपारदर्शक करून आपल्या व्हिडिओवर ठेवतो आणि काय झाकले जाते ते तिथेच दिसते. हल्लीचे फोन 9:16 पेक्षा उंच असल्यामुळे काही वेळा अ‍ॅप व्हिडिओ मोठा करून कडा कापते, म्हणून स्क्रीनशॉट शक्यतो आपल्याच फोनचा असावा. व्हिडिओ पसंत केल्याचे यापुढे हे चित्र पाहूनच कळवावे, व्हॉट्सअ‍ॅपवरील फाइल पाहून नव्हे.